‘खामेमि सव्वजीवे’ म्हणताना या चुका टाळा

जैन पाठशाळेत शिकवायला लागून बरीच वर्षं झाली. मुलं बदलतात, चुका त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी गाथा, आमच्या श्वेतांबर प्रतिक्रमणात आहे तशी. ‘वंदित्तु’ सूत्राच्या पन्नास गाथांपैकी ही एकोणपन्नासावी.

खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे।
मित्ती मे सव्वभूएसु, वेरं मज्झं न केणइ॥

सगळ्यात जास्त छळलेला शब्द पहिलाच. ‘खामेमि’चा अर्थ विचारला की दहापैकी आठ जण सांगतात, ‘मी सगळ्यांना क्षमा करतो.’ नाही. खामेमि म्हणजे मी खमावतो, मी क्षमा मागतो. संस्कृतात हे ‘क्षमयामि’ होतं, ‘क्षम्’ धातूचं प्रयोजक रूप. करणं आणि करवणं यांत जो फरक, तोच इथे. समोरच्याने मला क्षमा करावी असं मी घडवू पाहतो, म्हणजेच त्याच्याकडे मागतो.

हा गोंधळ होण्याला कारणही आहे. दिगंबर परंपरेत हीच गाथा ‘खमामि सव्वजीवाणं’ अशी सुरू होते, काही जण ‘खम्मामि’ म्हणतात. वट्टकेर आचार्यांच्या ‘मूलाचारा’त ती आहे. तिथे अर्थ खरोखरच ‘मी सर्व जीवांना क्षमा करतो’ असा आहे, आणि पुढच्या चरणात ‘सर्व जीव मला क्षमा करोत’. दोन्ही पाठ आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकाचा अर्थ उचलून दुसऱ्याखाली चिकटवल्यावर. सांगलीकडच्या दिगंबर मैत्रिणीच्या घरचा अर्थ आपल्या पुस्तकाखाली लिहिला की झालंच.

हे मी तोऱ्यात सांगत नाही, कारण ही चूक मी स्वतः छापली आहे. सुरुवातीच्या काळात मुलांसाठी अर्थाची एक चिठ्ठी काढली आणि घाईत ‘मी सर्वांना क्षमा करतो’ असं लिहून दिलं. ती चिठ्ठी एका घरात फ्रिजवर लागली. त्या घरातल्या दोघी जावा गच्चीवरच्या वाळवणावरून सहा महिने बोलत नव्हत्या. मी मध्यस्थी करायला गेले, तर थोरली म्हणाली, “ताई, मी तर तिला रोज संध्याकाळी माफ करते. बघा, तुम्हीच लिहून दिलंय.” आत धाकटीला विचारलं, तर तिचंही शब्दन्‌शब्द तेच. दोघी एकाच खोलीत, एकाच वेळी, एकमेकींना मोठ्या मनाने माफ करत होत्या आणि मागत कुणीच नव्हतं! दुसऱ्या दिवशी मी ती ओळ खोडून ‘मागते’ असं लिहिलं, आणि फ्रिजवरची चिठ्ठी स्वतः जाऊन बदलली. थोरलीने ती वाचली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “हे जरा अवघड आहे.” आहेच.

याच संदर्भात कल्पसूत्रातला साधू-साध्वींचा नियम मुलांना सांगते. भांडण झालं तर धाकट्याने थोरल्याला खमवावं आणि थोरल्यानेही धाकट्याला. जो शांत होतो त्याची आराधना होते, जो होत नाही त्याची होत नाही. म्हणजे वय पुढे करून सुटका नाही. ‘सर्व जीव’ म्हटलं की तो एक माणूस गर्दीत आपोआप आला, असं समजायची सवय लागते, तीही याच जातीची. माझी युक्ती साधी आहे. ‘खामेमि’वर क्षणभर थांबायचं आणि आजच्या दिवसातलं एक नाव मनात आणायचं. नाव सुचलं नाही, तर दिवस नीट आठवला नाही असं मी धरते.

शेवटच्या चरणाचाही असाच उलटा अर्थ लावतात. ‘वेरं मज्झं न केणइ’ म्हणजे ‘माझं कुणाशी वैर नाही’. ‘माझ्याशी कुणाचं वैर नाही’ असं नव्हे. समोरचा अजून फुगून बसला असला तरी हे चरण खोटं होत नाही. ते फक्त आपल्या बाजूचं आहे.

आता इरियावहियं, म्हणजे येता-जाता जिवांना झालेल्या इजेची माफी. सामायिकाच्या सुरुवातीला हे सूत्र येतं, आणि मुलं ते आगगाडीसारखं सोडतात. एका मुलाने वीस सेकंदांत संपवून माझ्याकडे शाबासकीसाठी पाहिलं होतं. अशा वेळी मी सूत्र थांबवते आणि विचारते, “आज दारात मुंग्या होत्या का?”

त्या दिवशी होत्याच. उंबऱ्यावर लाल मुंग्यांची रांग होती आणि याने ती झाडूने सुपलीत भरून बाहेर टाकली होती. मग आम्ही सूत्रातले दहा शब्द एकेक करून त्या रांगेवर ठेवले. येताना पाय लागला, ते अभिहया. झाडूची धूळ त्यांच्यावर पडली, वत्तिया. फरशीवर घासल्या गेल्या, लेसिया. एकीवर एक ढीग झाला, संघाइया. नुसता स्पर्श झाला, संघट्टिया. त्रास झाला, परियाविया. अर्धमेल्या झाल्या, किलामिया. घाबरून सैरावैरा पळाल्या, उद्दविया. उंबऱ्यावरून अंगणात गेल्या, ठाणाओ ठाणं संकामिया. आणि ज्या मेल्या, त्या जीवियाओ ववरोविया. पोरगा म्हणाला, “पण मी मारल्या नव्हत्या, फक्त बाहेर टाकल्या.” मी म्हटलं, “नवव्या शब्दात तेच आहे.” जागेवरून हलवणंसुद्धा तिथे मोजलंय. पुढच्या वेळी त्याने सूत्राला किती वेळ लावला ते मी मोजलं नाही. रांगेला वळसा घालून आत आला, एवढं पाहिलं.

पाठांतर लवकर व्हावं म्हणून ‘आधी घोका, अर्थ मोठेपणी’ म्हणणारे पालक मला पटत नाहीत. मोठेपणी अर्थ विचारायला कुणी येत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. ‘सात लाख’ सूत्रातले चौऱ्याऐंशी लाख म्हणजे जीवांची संख्या नव्हे, त्या जन्मण्याच्या योनी आहेत. ‘मिच्छामि’ हे ‘इच्छामि’सारखं क्रियापद नाही, ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणजे माझं दुष्कृत्य मिथ्या होवो, निष्फळ होवो.

आणि संवत्सरीला मोबाईलवर फुलांचं चित्र पाठवून वर्षाचा हिशेब मिटवणारे. त्यांना मी कर्मग्रंथातली कषायांची, म्हणजे राग-लोभासारख्या विकारांची मुदत सांगते. संज्वलन कषाय पंधरा दिवस टिकतो, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण वर्षभर आणि अनंतानुबंधी जन्मभर. राग पंधरवड्यापलीकडे गेला की वरच्या पायरीचा झाला. पक्खी, चौमासी आणि संवत्सरी प्रतिक्रमण याच टप्प्यांवर येतं. रोजचं राई आणि देवसी त्याच्याही अलीकडे, म्हणजे सकाळचा राग संध्याकाळपर्यंत आणि रात्रीचा उजाडेपर्यंत. त्या जावांचे सहा महिने चौमासी ओलांडून गेले होते. थोरली बोलायला गेली तेव्हा संवत्सरीला तीन आठवडे बाकी होते, आणि वाळवण अजून दोन वेगळ्या कोपऱ्यांतच पडतं.