कानाला दडा बसलाय की नस गेलीय? नादकाट्याने कसं ओळखावं

सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटला, तर बहुतेकांच्या मनात पहिलं येतं ते मळ किंवा सर्दी. पुष्कळ वेळा ते खरंही असतं. पण उरलेल्या काही वेळा आतली नस एका रात्रीत बसलेली असते, आणि रुग्णाला दोन्ही वेळी वाटतं अगदी सारखंच: कानात बोळा कोंबल्यासारखं. हा फरक सांगायला महागडं यंत्र लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक नादकाटा आणि दोन मिनिटं पुरतात. पद्धत मात्र नीट हवी, कारण यात एक जागा अशी आहे की जिथे घाईत असलेले डॉक्टरही फसतात.

आधी आत काय चालतं ते

हवेतला आवाज कानाच्या नळीतून येऊन पडद्यावर आदळतो. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांची साखळी आहे. ती कंपनं आतल्या कानातल्या शंखाच्या आकाराच्या भागाकडे पोचवते. या शंखात पाण्यासारखा द्रव असतो, आणि खरी अडचण इथे आहे. हवेतला आवाज द्रवावर थेट पडला तर जवळजवळ सगळा परावर्तित होतो. नदीत डुबकी मारल्यावर काठावरची हाक ऐकू येत नाही, ती याच कारणाने. मधला कान ही तूट भरून काढतो: पडद्यावरचा जोर त्याच्यापेक्षा साधारण 17 पट लहान असलेल्या रिकिबीच्या तळव्यावर एकवटतो, आणि हाडांच्या तरफेमुळे त्यात थोडी भर पडते. शंखात पोचलेल्या लहरींनी तिथल्या केसपेशी, म्हणजे माथ्यावर बारीक तंतू असलेल्या पेशी, हलतात, त्यांच्यापासून विजेचे संदेश निघतात आणि श्रवणनसेतून मेंदूकडे जातात.

आता बहिरेपणाचे दोन प्रकार सहज लक्षात येतील. मळ, फाटलेला पडदा, पडद्यामागे साचलेलं पाणी किंवा घट्ट झालेली रिकीब यांत बिघाड आवाज पोचवण्यात असतो. हा कंडक्टिव्ह, म्हणजे वहनाचा बहिरेपणा. शंख शाबूत असतो, त्याच्यापर्यंत आवाज कमी पोचतो इतकंच. म्हणून या माणसाला मोठ्याने बोललं की शब्द स्पष्ट कळतात. केसपेशी किंवा नस बिघडली, तर तो सेन्सरीन्यूरल, बोलीभाषेत नसेचा बहिरेपणा. यात आवाज वाढवला तरी शब्द धूसरच राहतात. शिवाय बारीक आवाज वाढवणाऱ्या बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी गेल्या, की हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि जरा मोठ्याने बोललेलं एकदम टोचतं. ‘अगं, ओरडतेस कशाला?’ असं म्हणणारे आजोबा खोटं बोलत नसतात.

आवाजाला शंखापर्यंत जायचा आणखी एक रस्ता आहे, तो कवटीच्या हाडातून. थरथरता काटा हाडाला लावला की सगळी कवटी थरथरते आणि मधल्या कानाची फारशी मदत न घेता शंख हलतो. नादकाट्याच्या दोन्ही चाचण्या या दुसऱ्या रस्त्याचा उपयोग करून पहिला रस्ता तपासतात.

काटा कोणता आणि वाजवावा कसा

512 हर्ट्झचा काटा घ्या. 128 किंवा 256 चा काटा हाडावर ठेवला की त्याची थरथर त्वचेलाच जाणवते, आणि रुग्ण ‘ऐकू येतंय’ म्हणतो तेव्हा त्याला ऐकू येतंय की जाणवतंय हे कळत नाही. जास्त हर्ट्झच्या काट्याचा आवाज फार लवकर विरतो. कानासाठीच्या काट्याला खाली चपटी चकती असते. शाळेतल्या काट्याला सहसा नसते, पण त्याच्या दांड्याचं टोक हाडाला नीट टेकवता आलं तर कामचलाऊ चाचणी होते.

काटा टेबलावर आपटू नका. त्याने मूळ स्वरासोबत कर्कश उपस्वर निघतात आणि निकाल बिघडतो. दांडा चिमटीत धरा, पाती स्वतःच्या कोपराच्या हाडावर किंवा गुडघ्यावर हलकेच मारा. पात्याच्या वरच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश खालची जागा चांगली. मारल्यावर पात्यांना हात लागू द्यायचा नाही.

रुग्णावर करण्याआधी स्वतःवर करून बघा. वाजलेला काटा कपाळाच्या मध्यावर टेकवा: आवाज डोक्याच्या मधोमध वाटेल. आता कानाच्या छिद्रापुढचा मऊ कुर्चेचा उंचवटा आत दाबून एक कान बंद करा. आवाज त्याच बंद कानाकडे सरकतो. बंद कानात जास्त ऐकू यावं हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. हाडातून आलेल्या आवाजाचा काही भाग एरवी कानाच्या नळीतून बाहेर निसटतो. छिद्र बंद असलं की तो आतच कोंडतो. त्यातच खोलीतला गोंगाट त्या कानापर्यंत पोचत नाही, त्यामुळे हाडाचा आवाज आणखी ठळक होतो.

वेबरची चाचणी

जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिश वेबर यांचं नाव हिला आहे. वाजलेला काटा कपाळाच्या मध्यावर किंवा डोक्याच्या माथ्यावर मधोमध घट्ट टेकवा आणि विचारा, ‘आवाज कुठे येतोय? डावीकडे, उजवीकडे की मध्ये?’ ‘खराब कानात येतोय का?’ असं विचारू नका. पुष्कळ जणांना वाटतं की आवाज चांगल्या कानातच आला पाहिजे, आणि ते ऐकू येतंय त्याऐवजी ‘बरोबर’ उत्तर देतात.

बंद कानाकडे आवाज गेला तर तिथे वहनाचा बिघाड. चांगल्या कानाकडे गेला तर बंद कानाचा शंख किंवा नस कमजोर, कारण कवटी दोन्ही शंखांना सारखंच हलवते आणि जो शाबूत तोच ऐकतो. आवाज मध्ये राहिला तर दोन्ही कान सारखे आहेत: दोन्ही चांगले, किंवा दोन्ही सारखेच बिघडलेले.

रिनेची चाचणी

हिचं नाव हाइनरिश आडॉल्फ रिने या जर्मन डॉक्टरांवरून. त्यांनी ती 1855 मध्ये मांडली. कानामागे जे टणक हाड हाताला लागतं, त्यावर काट्याची चकती नीट दाबून ठेवा. दुसऱ्या हाताने डोक्याला विरुद्ध बाजूने आधार द्या, म्हणजे दाब पक्का राहतो. मध्ये केस येऊ देऊ नका, कानाच्या पाळीला काटा लागू देऊ नका. दोन-तीन सेकंदांनी काटा उचलून कानाच्या छिद्रासमोर इंचभर अंतरावर आणा आणि विचारा, ‘मागे मोठा होता की पुढे?’

पुढे धरताना दोन्ही पाती आणि कानाचं छिद्र एका सरळ रेषेत हवीत. हे का, ते पाहायचं असेल तर वाजलेला काटा कानाजवळ सावकाश गोल फिरवा. एका फेरीत चार जागी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. काटा तिरका धरला की चांगला कानही खराब ठरतो.

पुढचा आवाज मोठा असेल तर हवेचा रस्ता ठीक आहे, आणि याला ‘रिने पॉझिटिव्ह’ म्हणतात. या चाचणीत पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, हे डोक्यात पक्कं ठेवा. मागचा मोठा असेल तर निगेटिव्ह, म्हणजे वहनात अडथळा. नसेच्या बहिरेपणात दोन्ही रस्त्यांनी येणारा आवाज सारखाच कमी होतो, त्यामुळे पुढचा मोठाच राहतो आणि निकाल पॉझिटिव्ह येतो. थोडक्यात, एकट्या रिनेवरून निरोगी कान आणि नसेचा बहिरेपणा वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी वेबर लागते.

फसवी जागा

समजा, पन्नाशीतल्या एका बाईंचा उजवा कान सकाळी उठल्यापासून बंद आहे आणि आत शिट्टी वाजतेय. दोन दिवस त्यांनी वाफ घेतली. तिसऱ्या दिवशी घरच्या कुणीतरी काटा लावला. उजव्या कानामागे ठेवल्यावर त्या म्हणाल्या, ‘येतोय.’ पुढे आणल्यावर, ‘आता काहीच नाही.’ रिने निगेटिव्ह, म्हणजे वहनाचा बिघाड, मळच असणार.

इथेच चूक होते. उजवा शंख पूर्ण निकामी झाला असेल, तरी उजवीकडे ठेवलेल्या काट्याची थरथर कवटीतून डाव्या शंखापर्यंत जवळपास तशीच पोचते. ‘येतोय’ हे उत्तर डाव्या कानाचं आहे. पुढे हवेत धरलेला काटा मात्र डोक्याला वळसा घालून पलीकडे फारसा पोचत नाही, म्हणून तो ऐकू आला नाही. याला खोटी निगेटिव्ह रिने म्हणतात.

ती ओळखायला दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे वेबर. या बाईंना कपाळावरचा आवाज डावीकडे, चांगल्या कानात येतो. उजवीकडे मळ असता तर तो उजवीकडे गेला असता. रिने आणि वेबर एकमेकींशी भांडत असतील तर नसेचा बिघाड समोर उभा आहे असं धरावं. दुसरा उपाय म्हणजे चांगला कान गुंतवून ठेवणं. रिने करताना डाव्या कानापाशी कोरा करकरीत कागद सतत चुरगळत राहा, किंवा छिद्रापुढचा उंचवटा बोटाने गोल गोल चोळा. दवाखान्यात यासाठी आवाज करणारी छोटी पेटी वापरतात. आता उजवीकडे काटा ठेवल्यावर बाई म्हणतात, ‘मागेही नाही, पुढेही नाही.’

काटाच नसेल, तर तोंड मिटून लांब ‘म्’ म्हणायला सांगा. गुंजन बंद कानात मोठं वाटलं तर अडथळा वहनाचा असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात वाटलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. एकाएकी झालेल्या नसेच्या बहिरेपणात स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते, दोन आठवडे उलटल्यावर ती झपाट्याने घटते. या बाईंचे दोन दिवस वाफेत गेले आहेत, तरी वेळ हातची गेलेली नाही. कानात तेल किंवा मळ विरघळवायचे थेंब घालून आठवडा काढला असता तर गोष्ट वेगळी.

काटा जे सांगत नाही

बहिरेपणा किती आहे हे काट्याला कळत नाही, त्याला ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणतपासणीच लागते. वहनाचा बिघाड थोडासा असेल तर 512 च्या काट्याची रिने पॉझिटिव्हच येते, वेबर मात्र अगदी लहान फरकही पकडते. लहान मुलांची उत्तरं भरवशाची नसतात.

आणि वयोमानाने आलेल्या बहिरेपणात काटा सरळ दिशाभूल करतो. तिथे आधी जातात ते उंच स्वर, 2000 हर्ट्झच्या वरचे, ज्यांत स, श, त, क ही व्यंजनं राहतात. 512 जवळचं ऐकणं पुष्कळ काळ टिकतं. म्हणून आजोबांची वेबर मध्ये, रिने दोन्हीकडे पॉझिटिव्ह, आणि तरीही ‘साखर’ म्हटलं की ते ‘काय?’ विचारतात. अशा वेळी काटा बाजूला ठेवून ऑडिओमेट्री करून घ्यावी.