डोकं वळवताना चेहरा का बदलतो, आणि तो जागेवर कसा ठेवायचा

अंधेरीच्या एका अॅनिमेशन स्टुडिओत मी इनबिटवीनर होतो तेव्हाची गोष्ट. बाजारातली एक कोळीण समोर बघत असते आणि गिऱ्हाइकाने हाक मारली की मान वळवते. एवढंच काम. दोन्ही टोकांची चित्रं, म्हणजे की ड्रॉइंग, सिनियरने काढून दिली होती. मधली मी काढली. लाइन टेस्ट, म्हणजे सगळी चित्रं ओळीने चालवून, बघून तो म्हणाला, "मावशी वळता वळता आजारी पडली का रे? गाल बसलेत तिचे."

चूक हाताची नव्हती, पद्धतीची होती. मी लाइट बॉक्सवर दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून प्रत्येक दोन रेषांच्या बरोबर मधोमध तिसरी रेषा काढत गेलो होतो. सपाट वस्तू सरकत असेल तर हे चालतं. डोकं मात्र गोल फिरतं, आणि गोलावरचा प्रत्येक बिंदू कागदावर वेगवेगळ्या वेगाने सरकतो. समोरचा भराभर सरकतो, कडेचा जागचा हलत नाही असं वाटतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुठ्ठ्याची चकती बनवा. १० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे केंद्रापासून कड ५ सेंटिमीटर. ही चकती म्हणजे वरून दिसणारं डोकं. कडेवर नाकाची जागा ठरवा आणि तिथे १ सेंटिमीटर बाहेर येणारं टोक चिकटवा. नाकापासून दोन्ही बाजूंना २५ अंशांवर डोळे आणि ९० अंशांवर कान, अशा खुणा कोनमापकाने करा. मधोमध टाचणी टोचून चकती कागदावर बसवा. नाक तुमच्याकडे, म्हणजे कागदाच्या खालच्या कडेकडे असू द्या. कागदावर केंद्रातून एक उभी रेषा आखा. चकती फिरवायची आणि प्रत्येक खूण त्या रेषेपासून किती लांब गेली ते गुण्याने मोजायचं. गणित जमत असेल तर खुणेचा त्या रेषेपासूनचा कोन θ धरून `5*sin(θ)` हेच उत्तर देतं, नाकाच्या टोकाला फक्त ५ ऐवजी ६ घ्या, पण पुठ्ठा जास्त लवकर पटतो.

आपली कोळीण पडद्याच्या डावीकडे ४० अंश वळते असं धरू. पाऊण चेहरा साधारण तेवढ्यात येतो. मधलं चित्र, ज्याला ब्रेकडाउन म्हणतात, ते २० अंशांवर. जवळच्या बाजूचा, म्हणजे उजवीकडे दिसणारा कान बघा. सुरुवातीला तो उभ्या रेषेपासून ५ सेंटिमीटरवर असतो, २० अंशांवर ४.७ वर येतो आणि ४० अंशांवर ३.८ वर. म्हणजे पहिल्या अर्ध्या वळणात जेमतेम ३ मिलिमीटर आणि उरलेल्या अर्ध्यात जवळजवळ ९. मी तो मधोमध, ४.४ वर काढला होता. ३ मिलिमीटर आधीच आत आला, आणि गाल बसला तो तिथे.

लांबचा डोळा उलटं वागतो. तो २.१ वरून ३.५ वर येतो आणि मग ४.५ वर. आधी झपाट्याने, नंतर कड जवळ आली की हळू. मधोमध काढला तर ३.३ वर पडतो आणि मधल्या चित्रात दोन डोळ्यांमधलं अंतर कमी होतं. नाक आणि जवळचा डोळा मात्र मधोमध काढले तरी फरक मिलिमीटरभराचाच पडतो. म्हणून तर ही चूक पटकन सापडत नाही. चेहऱ्याचा मधला भाग बरोबर असतो, कडा बिघडलेल्या असतात.

आता काम क्रमाने.

दोन्ही की चित्रांवर आधी फक्त गोळा, जबडा, मध्यरेषा आणि डोळ्यांची रेषा आखा. कोळीण घेतली तर एक सोय आहे. तिची टिकली नेहमी मध्यरेषेवर असते आणि नथ डाव्या नाकपुडीत, म्हणजे या वळणात जवळच्या बाजूला. टिकली, नाकाचं टोक आणि हनुवटी एकाच वक्र रेषेवर बसत नसतील तर पुढे जाऊ नका.

मग कागदाची एक अरुंद पट्टी घ्या. पहिल्या चित्रावरून माथा, भुवई, डोळा, नाकाचा तळ, ओठ आणि हनुवटी यांच्या उंचीच्या खुणा तिच्यावर करा. डोकं नुसतं वळत असेल तर या उंच्या जवळपास बदलत नाहीत. वळताना डोकं थोडं खाली जाऊन वर येतं तेव्हा वळण जिवंत वाटतं, त्यासाठी मधल्या चित्रात सगळी पट्टी ५-६ मिलिमीटर खाली सरकवा. सगळी, नुसती हनुवटी नाही. मान खरोखर झुकत असेल, म्हणजे माथा जास्त दिसू लागत असेल, तर मात्र ही पट्टी उपयोगाची नाही. माझं ऐकाल तर पहिल्यांदा झुकवूच नका.

ब्रेकडाउन काढताना आडव्या जागा चकतीवरून घ्या आणि उभ्या पट्टीवरून. लांबचा डोळा अरुंदही होतो, पण बराचसा दुसऱ्या अर्ध्यात. चकतीच्या हिशेबाने शेवटी त्याची रुंदी निम्म्याहून कमी उरते. मॉडेल शीटवर, म्हणजे पात्र कसं दिसावं ते ठरवून दिलेल्या कागदावर, तो त्याहून मोठा असतो, कारण तेवढा बारीक डोळा वाईट दिसतो. शेवटच्या चित्रात मॉडेल शीटचंच ऐका. चकती जागा सांगते, आकार नाही.

कानाच्या मागचं डोकं विसरू नका. डोकं रुंदीपेक्षा पुढून मागे जास्त खोल असतं. कान आत सरकतो तसा त्याच्या मागे कवटीचा भाग दिसू लागतो आणि आपल्या मावशीचा तर अंबाडा आणि गजराही. कानापाशीच बाह्यरेषा संपवली की डोकं मुखवट्यासारखं पातळ होतं.

उरलेल्या चित्रांसाठी, कोणतं चित्र कुठे पडतं ते दाखवणाऱ्या टायमिंग चार्टवर रेघांऐवजी अंश लिहा. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात दर दोन फ्रेमला एक चित्र धरलं तर १ ते १३ फ्रेममध्ये सात चित्रं येतात. म्हणजे साधारण अर्धा सेकंद. अंश असे: ०, ४, ११, २०, २९, ३६, ४०. प्रत्येक अंशाला चकती फिरवा आणि जागा उचला. पापणी मिटवायची असेल तर २० च्या आसपास मिटवा. पण त्याआधी उघड्या डोळ्यांनी एकदा लाइन टेस्ट घ्या, नाहीतर चूक पापणीआड लपते.

तपासताना ऑनियन स्किनवर विसंबू नका. तो सहसा शेजारचीच चित्रं पुसट दाखवतो, आणि चेहरा दर चित्राला अर्धा मिलिमीटर बदलत गेला तर शेजाऱ्यांत काहीच वावगं दिसत नाही. प्रत्येक चित्र थेट पहिल्याशी आणि शेवटच्याशी ताडा. कृता या सॉफ्टवेअरमध्ये काढत असाल तर `M` दाबून कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा करून बघा, कलता जबडा लगेच कळतो. मग टेस्ट लावा आणि दर खेपेला एकच गोष्ट बघा. एकदा फक्त टिकली, एकदा फक्त कान, एकदा फक्त हनुवटी. टिकली एका गुळगुळीत कमानीत गेली पाहिजे. ती कुठे थबकली किंवा उडाली तर त्या फ्रेमचं चित्र बाजूला काढून चकतीवर पुन्हा मोजा. रेष खोडून तिथल्या तिथे डागडुजी केली की पुढचं चित्र उडायला लागतं.