फोटोवरून ओळखा: जखमेला टाके लागतील का?

कापलं की आधी फोटो काढू नका, आधी दाबा. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट धरून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. एवढं करूनही रक्त थांबत नसेल किंवा चिळकांडी उडत असेल, तर फोटोच्या नादी न लागता दाबत दाबतच दवाखाना गाठा. थांबलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली पाचेक मिनिटं जखम धुवा.

त्यावर हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही लावू नका. हळदीचा तर मला मनापासून राग येतो. कातडीखालची चरबी पिवळी दिसते, आणि टाक्यांचा निर्णय बऱ्याचदा तिच्यावरच ठरतो. हळदीने माखलेल्या जखमेत ती शोधायची कशी?

फोटो खिडकीपाशी उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. ओल्या जखमेवर फ्लॅश चमकतो आणि आतलं काही दिसत नाही. अंदाजासाठी शेजारी एक नाणं ठेवा.

आता खरी अवघड पायरी. लोक कापल्याची लांबी बघतात, मी आधी कडा बघतो. मोकळ्या सोडल्यावर त्या आपोआप एकमेकींना चिकटून राहत असतील, तर पट्टी पुरते. हातावरची दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, आत काही न तुटलेली जखम टाक्यांशिवायही तितकीच चांगली भरते. कडा फाकलेल्या असतील आणि मधे साबुदाण्यासारखे पिवळे, चकचकीत दाणे दिसत असतील, तर कातडीची पूर्ण जाडी कापली गेली आहे. तिथे बहुतेक वेळा टाके लागतात. चेहऱ्यावरची जखम लहान असली तरी प्रत्यक्ष दाखवा.

सांध्यावरची जखम मात्र एका फोटोत हमखास फसवते. बोटाच्या मागच्या बाजूला कापलं असेल तर बोट वाकवल्यावर जखम उघडते, तळव्याच्या बाजूला असेल तर सरळ केल्यावर. म्हणून अशा जखमेचे दोन फोटो मागवायचेच: बोट सरळ आणि बोट वाकवलेलं.

आणि फोटोत बोट हलवणारी शिर व स्पर्श कळवणारी नस दिसत नाही, त्यामुळे फोटोबरोबर छोटा व्हिडिओही हवा. एका मावशींचं उदाहरण सांगतो. विळीवर नारळ फोडताना हात घसरला आणि डाव्या तर्जनीला तळव्याच्या बाजूने मधल्या पेरावर कापलं. फोटोत सव्वा सेंटिमीटरची, कडा मिटलेली रेघ. घरच्यांचं म्हणणं, पट्टी लावू. मी म्हटलं, "मावशी, दुसऱ्या हाताने मधलं पेर सरळ धरून ठेवा आणि फक्त टोकाचं पेर वाकवून दाखवा." ते वाकेना. शिवाय कापसाचा स्पर्श बोटाच्या एका कडेला कळत होता, दुसरीकडे बधिर. म्हणजे बोट वाकवणारी शिर आणि त्या बाजूची नस दोन्ही कापलेल्या. अशा वेळी हाताचा सर्जनच लागतो. कातडी त्याच दिवशी शिवली तरी आतलं काम काही दिवसांत व्हावं लागतं, कारण कापलेल्या शिरेची टोकं आखडत जातात. ही तपासणी न करता "छोटीशीच आहे" असं फोटोवरून कोणी सांगितलं, तर ऐकू नका.

वेळेचं सोपं आहे: सहा ते आठ तासांत पोहोचा. "सहा तास उलटले, आता टाके पडत नाहीत" हे मात्र खरं नाही. स्वच्छ जखम त्यानंतरही शिवता येते, चेहऱ्यावरची तर चोवीस तासांपर्यंतसुद्धा, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. उलट शेणामातीने बरबटलेली जखम लगेच आली तरी कधी कधी मुद्दाम उघडी ठेवून चार-पाच दिवसांनी शिवतात. कुत्रा चावला असेल तर टाक्यांची घाई नको. आधी साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच जा.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी लागतं हा समज सोडा. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. लोखंड गंजलेलं की चकचकीत, याने फरक पडत नाही. आयुष्यात तीन किंवा जास्त डोस झालेले असतील, तर स्वच्छ लहान जखमेला शेवटच्या डोसनंतर दहा वर्षं झाल्यावरच नवा डोस लागतो, मळकट किंवा खोल जखमेला पाच वर्षं झाल्यावर. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं.

तीन डोस झाल्याची खात्री नसेल, तर लस घ्यायचीच. जखम मळकट किंवा खोल असेल तर लशीबरोबर दुसऱ्या जागी धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे लगेच संरक्षण देणारी तयार प्रतिपिंडं, २५० युनिट, कारण पहिल्यांदाच घेतलेल्या लशीला काम करायला आठवडे लागतात आणि तेवढ्यात आजार होऊ शकतो. मावशींना गरोदरपणातली दोन इंजेक्शनं आठवत होती, बाकी काही नाही. विळी धुतलेली, जखम स्वच्छ, पण शिरेपर्यंत खोल, म्हणून त्यांना टीडीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही दिलं. टीडीचा पुढचा डोस महिन्याने आणि तिसरा त्यानंतर सहा महिन्यांनी.