मांड्या भरल्या म्हणून लगेच रोलर? आधी या चुका टाळा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव करणाऱ्यांना हे ठाऊक असतं: दम चढताना लागतो, पण मांड्या भरतात त्या उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच अंगाचा भार पेलत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून रविवारी घाट उतरून आलेला माणूस संध्याकाळपर्यंत ठणठणीत असतो आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरतो. ही ठणक साधारण एक ते तीन दिवस चढते आणि आठवड्याच्या आत ओसरते.

अशा दुखण्यावर फोम रोलरचा उपयोग होतो, पण जाहिरातीत सांगतात तसा नाही. रोलरने स्नायूतल्या 'गाठी फुटत' नाहीत. त्या दाबामुळे मज्जासंस्था दुखणं थोडं कमी जाणवू देते आणि पाय काही काळ मोकळा वाटतो. बस, एवढंच. गाठी फोडायच्याच नसतील, तर दात-ओठ खाऊन रोलर फिरवण्याचंही कारण उरत नाही. दुखणं दहापैकी चार-पाचच्या वर गेलं की स्नायू उलट आखडून धरतो. पालथं झोपून रोलर मांडीखाली घ्या, सावकाश फिरवा, एका मांडीला मिनिटभर, फार तर दोनदा. मसाज गन सगळ्यात कमी वेगावर, मऊ गोल डोकं लावून, मिनिट-दोन मिनिटं. दाबायची नाही, तिच्या वजनावरच सरकू द्यायची. गुडघ्याची वाटी, कमरेचं हाड आणि जांघेचा भाग सोडायचा.

खरी गफलत होते ती दुखापतीला थकवा समजण्यात. आमच्या ग्रुपमधल्या एकाला घाट उतरताना उजव्या मांडीत चमक आली. पाऊल अडखळलं, तरी तो लंगडत खाली आला. घरी येऊन नेमक्या त्याच जागी मसाज गन फुल स्पीडवर धरली, एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी मांडी सुजली, गुडघ्याच्या वर काळं-निळं उतरलं आणि गुडघा नीट वाकेना. तंतू फाटले होते. आतला रक्तस्राव थांबू लागला होता, तो माराने पुन्हा सुरू झाला. दोन आठवड्यांत भरलं असतं, त्याला दीड महिना गेला.

त्याला चार खुणा दिसत होत्या. दुखणं दुसऱ्या दिवशी नाही, धावता धावताच सुरू झालं. दोन्ही मांड्या नाही, एकच. सबंध स्नायू नाही, बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा. आणि पालथं झोपून टाच कुल्ल्याकडे नेली, तर एक पाय दुसऱ्यापेक्षा बराच आधी अडत होता. यातली एक खूण दिसली तरी सावध व्हावं. दोन दिसल्या तर रोलर कपाटात. पहिले दोन-तीन दिवस बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, क्रेप बँडेज, जमेल तेवढंच चालणं. नंतर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मुका मार लागलेल्या मांडीला हे जास्तच लागू आहे. कबड्डीत कुणाचा गुडघा मांडीत बसला की आपल्याकडे घरोघरी गरम तेल लावून चोळतात. ताज्या मुक्या मारावर चोळणं, शेक आणि गन, तिन्ही वर्ज्य. आत साकळलेल्या रक्ताच्या जागी पुढे स्नायूत हाड धरू शकतं आणि मग गुडघा कित्येक महिने अडतो.

एक पिंढरी सुजून गरम लागत असेल, तर तीही चोळू नये. रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर गन वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. मांड्या प्रचंड ठणकतायत आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होतेय, तर रोलर शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाठीचा हिशेब निराळा आहे. वरची पाठ, म्हणजे खांद्यांच्या फऱ्यांखालचा भाग, रोलरवर चालतो. तिथे बरगड्यांचा आधार असतो. कमरेला तो नाही. रोलरवर कंबर टाकली की ती मागे वाकते, मणक्यांच्या सांध्यांवर भार येतो आणि कंबर आणखी आखडते. कंबर धरली असेल तर कुल्ल्यांवर रोलर फिरवून पाहा, किंवा भिंत आणि पाठीच्या मधे टेनिस बॉल धरून मणक्याच्या बाजूचा स्नायू दाबा, मणका नव्हे. गनही मणक्यावर आणि मानेच्या पुढे-बाजूला लावायची नाही.

कळ कमरेतून पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर हे दुखणं स्नायूचं नसून नस दबल्याचं असू शकतं. रोलर बंद करून तपासून घ्या. पाऊल उचलत नसेल, बैठकीची जागा बधिर वाटत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात जा.