n!/n^n : उत्तर बरोबर, गुण पाचपैकी एक

एफ.वाय.बी.एस्सी.च्या पहिल्या टेस्टमध्ये प्रश्न होता: n!/n^n या सीक्वेन्सची लिमिट काढा. मी दोन मिनिटांत उत्तर लिहिलं, शून्य. उत्तर बरोबर होतं आणि गुण मिळाला पाचपैकी एक. पेपरवर मॅडमनी लाल पेनने एवढंच लिहिलं होतं, "कितव्या अवयवापर्यंत?" ठाण्याहून कोपरखैरण्याला परतताना लोकलमध्ये तो पेपर मी चारदा उलगडून पाहिला. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, तरी माझं चुकलं कुठे ते कळेना. मॅडमचाच राग येत होता.

माझं उत्तर असं होतं. वर n! म्हणजे 1·2·3···n आणि खाली n एकमेकांना n वेळा गुणलेला, म्हणून

(1/n)·(2/n)·(3/n)···(n/n)

इथपर्यंत सगळं ठीक. पुढे मी लिहिलं, "1/n शून्याकडे जातो, 2/n शून्याकडे जातो, 3/n शून्याकडे जातो, असंच प्रत्येक अवयव शून्याकडे जातो, म्हणून गुणाकारही शून्याकडे जातो." तुमच्याही वहीत हे वाक्य असेल तर आत्ताच खोडा.

पहिली गोष्ट, ते खोटंच आहे. शेवटचा अवयव n/n आहे, तो कायम 1. त्याच्या आधीचा (n-1)/n हा 1 कडे जातो. मी डावीकडचे तीन अवयव पाहिले आणि "असंच" म्हणून उरलेल्यांना त्याच रांगेत उभं केलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि मला ती समजायला दोन आठवडे लागले. गुणाकाराची लिमिट म्हणजे लिमिटांचा गुणाकार, हा नियम अवयवांची संख्या ठरलेली असेल तेव्हाच चालतो. दोन असोत, पाच असोत, पन्नास असोत, हरकत नाही. इथे n वाढला की प्रत्येक अवयव बदलतोच, शिवाय अवयवही वाढतात. n=5 ला पाच, n=1000 ला हजार. (1+1/n)^n घ्या. त्यातला प्रत्येक अवयव 1 कडे जातो. माझ्या पद्धतीने लिमिट 1 आली असती, प्रत्यक्षात ती e आहे, साधारण 2.718. प्रत्येक अवयवातला इवलासा फरक n वेळा गुणला जातो आणि साचत जातो. बेरजेत तर हे आणखी उघडं दिसतं: 1/n ची n वेळा बेरीज करा. प्रत्येक पद शून्याकडे जातं, बेरीज मात्र नेहमी 1. मॅडमचा "कितव्या अवयवापर्यंत?" हा प्रश्न याबद्दलच होता.

मग करायचं काय? स्क्वीझ थिअरम, ज्याला आपल्याकडे सगळे सँडविचच म्हणतात. पण तिथेही मी आधी आपटले. प्रत्येक अवयव 1 पेक्षा मोठा नाही, म्हणून 0 ≤ n!/n^n ≤ 1, असं लिहून मी खुशीत होते. हे खरं आहे, पण उपयोगाचं नाही. खाली फरशी शून्यावर, वर छप्पर 1 वर, मध्ये सीक्वेन्स कुठेही फिरू शकते. छप्पर स्वतः फरशीवर येऊन टेकायला हवं.

त्यासाठी सगळे अवयव 1 ने बदलू नका, एक वाचवा. कुठला? सगळ्यात छोटा, 1/n. बाकीचे 2/n पासून n/n पर्यंत प्रत्येकी जास्तीत जास्त 1, म्हणून त्यांचा गुणाकारही जास्तीत जास्त 1. अवयव कितीही असोत, 1 पेक्षा मोठ्या नसलेल्या धन संख्यांचा गुणाकार 1 च्या वर जात नाही, म्हणून त्यांची संख्या वाढण्याची भीती इथे संपते. मिळालं

0 < n!/n^n ≤ 1/n

आणि 1/n शून्याकडे जातो. झालं. n=10 ला खरी किंमत 0.00036 च्या आसपास आहे आणि छप्पर 0.1 वर. इतकं ढिलं छप्पर बघून मला वाटायचं काहीतरी चुकलंय. नाही चुकलेलं. छप्पर घट्ट बसायची गरज नाही, ते खाली आलं की पुरे.

ढिलेपणा कधी नडतो ते n²·n!/n^n मध्ये दिसतं. जुनं छप्पर वापरलं तर n²·(1/n), म्हणजे n, आणि ते वरच जातं. याचा अर्थ सीक्वेन्स वर जाते असा नाही, छप्पर कुचकामी एवढाच. (हे न कळल्याने मी एकदा "लिमिट अनंत" लिहून आले होते.) तीन अवयव वाचवा: 1/n, 2/n, 3/n यांचा गुणाकार 6/n³. n ≥ 3 असताना छप्पर 6/n, शून्याकडे जाणारं.

आता शॉर्टकटबद्दल. "n^n सगळ्यात मोठा, मग n!, मग 2^n, म्हणून उत्तर शून्य" ही शिडी क्लासमध्ये सगळीकडे पाठ करून घेतात. मला ती आवडत नाही. शिडीवरून (2^n·n!)/n^n आणि (3^n·n!)/n^n यांचं उत्तर सांगून दाखवा. दोन्हीत वर शिडीवरच्या दोन पायऱ्यांचा गुणाकार आणि खाली तोच n^n. पण पहिलीची लिमिट शून्य आहे, दुसरी अनंताकडे जाते.

इथे दोनचार अवयव वाचवून भागत नाही, कारण 2^n त्यांना गिळून टाकतो. लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर घ्या. पहिलीत ते 2/(1+1/n)^n येतं. बायनॉमियलची पहिली तीन पदं मिळवा: 1 + 1 + (n-1)/(2n). n ≥ 2 असताना शेवटचं पद किमान 1/4, म्हणून (1+1/n)^n किमान 2.25. गुणोत्तर 2/2.25, म्हणजे 8/9 पेक्षा जास्त नाही. सीक्वेन्सचं दुसरं पद 2 आहे, म्हणून

0 < (2^n·n!)/n^n ≤ 2·(8/9)^(n-2)

आणि हे छप्पर खाली येतं. फक्त "गुणोत्तर 1 पेक्षा लहान" एवढ्यावर थांबू नका. ते 0.99, 0.999 असं 1 कडे सरकत असतं तर पदं कमी होत जाऊनही शून्यावर पोचली नसती. 8/9 सारखी एक ठाम संख्या मधे हवीच.

3 असताना गुणोत्तर 3/(1+1/n)^n. खालची राशी कधीच e ओलांडत नाही, म्हणून गुणोत्तर कायम 3/e पेक्षा मोठं, म्हणजे 1.1 च्या वर. पहिलं पद 3, दुसरं 4.5, आणि प्रत्येक पाऊल किमान दहा टक्क्यांनी वर. सगळा निकाल 2 आणि 3 च्या मध्ये बसलेल्या e वर.