सभेतली शिवी प्रोसिडिंगमध्ये कशी लिहावी (म्हणजे कशी लिहू नये)

सोसायटीची वार्षिक सभा. विषय क्रमांक ४, पाणीगळतीच्या दुरुस्तीचा खर्च. एक सभासद खजिनदारांना काहीतरी बोलतो, सभागृह उसळतं आणि अध्यक्ष म्हणतात, "हे शब्द मागे घ्या." आता सचिवाने काय लिहायचं?

आधी कच्च्या वहीत तीनच गोष्टी टिपा: कोणत्या विषयावर, अध्यक्षांनी नेमकं काय सांगितलं, आणि सभासदाने काय केलं. तिसऱ्या गोष्टीत घाई होते. शब्द मागे घेणं वेगळं, दिलगिरी वेगळी आणि नुसतं खाली बसणं वेगळं. जो गप्प बसला त्याच्या नावावर "माफी मागितली" असं लिहिलंत तर पुढच्या सभेत भांडण ठरलेलंच.

मग सर्वांत महत्त्वाचं काम: बोलण्यातला मुद्दा आणि अपमान वेगळे काढा. समजा तो म्हणाला होता, "बिलं दाखवा," आणि पुढे खजिनदारांना एक शेलका शब्द. बिलांची मागणी नोंदवायलाच हवी. शेलक्या शब्दाबरोबर तीही गाळली तर गैरसोयीचा प्रश्न दडपला, असं लोक म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

नोंद अशी होईल:

"विषय क्र. ४ वरील चर्चेत एका सभासदांनी दुरुस्तीची बिले सभेपुढे ठेवण्याची मागणी केली. त्या वेळी त्यांनी वापरलेल्या शब्दांस अध्यक्षांनी आक्षेपार्ह ठरवून ते मागे घेण्यास सांगितले. सभासदांनी शब्द मागे घेतले. चर्चा पुढे सुरू झाली."

"जातिवाचक शब्द", "घराण्यावरून टीका" असं वर्णनही नको, कारण त्यातून वाचणाऱ्याला शब्द कळतोच. पहिलं अक्षर लिहून पुढे टिंबं देणं तर त्याहून वाईट. लोकसभेच्या छापील कामकाजात वगळलेल्या जागी फुल्या येतात, पण तिथे शब्दशः वृत्तांत असतो. आपण सारांश लिहितो, त्यात भोक दाखवायची गरज नाही.

नाव घालावं का? शब्द मागे घेतले असतील तर माझ्या मते नको. नकार दिला आणि अध्यक्षांनी बाहेर जायला सांगितलं, तर मात्र नाव आणि वेळ दोन्ही हवेत, कारण पुढच्या ठरावाला तो सभासद हजर नव्हता, हे मतमोजणीत लागतं.

ज्याला बोललं गेलं तो तक्रार करणार असेल, तर त्याला नेमके शब्द लागतील. ते ऐकणाऱ्यांनी त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहून, सही-तारीख घालून ठेवावेत. प्रोसिडिंग बुक सभासदांना पाहायला मिळतं. तिथे ते शब्द गेले की अपमान दरवर्षी नव्याने वाचला जातो.

पुढच्या सभेत कुणी "तो नेमका काय म्हणाला ते घाला" असा आग्रह धरला, तर अध्यक्षांनी एवढंच विचारावं: लिहिलंय ते घडलं की नाही? घडलं असेल तर इतिवृत्त कायम.