छापायच्या प्लॅनरची कॅप्शन: काय मिळेल आणि फाइल कशी पोहोचेल, हे कसं लिहावं

प्लॅनरची पानं तयार आहेत, पीडीएफ निघाली आहे, फोटो काढून झाले आहेत, असं इथे धरलं आहे. उरली ती कॅप्शन. 'डिजिटल प्रिंटेबल प्लॅनर, इन्स्टंट डाउनलोड, किंमतीसाठी मेसेज करा' एवढं टाकून पोस्ट सोडली, की पहिला प्रश्न हमखास येतो: 'इचलकरंजीला कुरिअर चार्ज किती?' यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. फोटोत स्पायरल घातलेली सुंदर वही दिसते, तर माणूस वहीच मागणार.

'डिजिटल' या शब्दावर भिस्त ठेवू नका. काहींना तो मोबाइल अ‍ॅप वाटतो, काहींना नुसती शोभेची पाटी. 'प्लॅनर' म्हटलं की डोळ्यांसमोर डायरी येते. म्हणून पहिली ओळ नेमकी हीच हवी: 'ही छापून घ्यायची पीडीएफ फाइल आहे, तयार वही नाही. कुरिअरने काही येत नाही.' इन्स्टाग्रामवर साधारण 125 कॅरॅक्टरनंतर कॅप्शन दुमडली जाते. काना, मात्रा, अनुस्वार त्यात वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठीत जेमतेम पंधरावीस शब्द दिसतात. ते शब्द 'नव्या वर्षाची सुंदर सुरुवात' असल्या ओळीवर घालवू नका. फोटोवरही एका कोपऱ्यात 'फक्त पीडीएफ' असं ठळक लिहा, कारण कॅप्शन न वाचताच पैसे पाठवणारेही असतात.

आता आत काय आहे ते. आपण एक घरखर्च प्लॅनर उदाहरणाला घेऊ. त्यात नऊ प्रकारची पानं आहेत: कव्हर, वर्षाचा अंदाज, महिन्याच्या खर्चाची दोन पानं, दुधाच्या रतिबाचं पान, गॅस-लाइट-पाणी बिलांचं पान, भिशीचं पान, सणवाराच्या खर्चाचं पान आणि टिपणांसाठी एक कोरं पान. इथे बहुतेक कॅप्शनमध्ये '9 पानी प्लॅनर' असं लिहिलेलं असतं आणि भांडणाची सुरुवात तिथेच होते. 9 पानं वाचून कुणाला वाटतं, एवढ्याशा कामाचे एवढे पैसे? उलट कुणी '12 महिन्यांचा प्लॅनर' वाचून पैसे भरतो आणि फाइल उघडल्यावर महिन्याची दोनच पानं बघून फसवल्यासारखं वाटून घेतो. दोन्ही आकडे द्या: पानांचे प्रकार किती आणि छापल्यावर पानं किती.

हिशेब असा. महिन्याच्या खर्चाची 2 पानं गुणिले 12 म्हणजे 24. रतिबाचं 1 पान दर महिन्याला, म्हणजे 12. बाकीची सहा पानं एकेकदाच. एकूण 42. पाठपोट छापलं तर 21 कागद. शक्य असेल तर ही 42 पानं फाइलमध्येच ओळीने लावून द्या. '3, 4 आणि 5 नंबरचं पान बारा-बारा वेळा काढा' असं गर्दीच्या वेळी झेरॉक्सच्या काउंटरवर सांगणं गिऱ्हाइकाला जमत नाही आणि दुकानदाराला वेळ नसतो. सलग फाइल असली की त्याला एकदाच प्रिंट द्यायची असते. शिवाय 42 बाजू आणि 21 कागद हे आकडे कॅप्शनमध्ये असले की गिऱ्हाईक आपल्या ओळखीच्या दुकानाच्या दराने गुणून छपाईचा खर्च स्वतःच काढतं. छपाई आणि बायंडिंग किंमतीत धरलेलं नाही, हेही त्याच ओळीत आलं पाहिजे.

आकार लिहिताना नुसतं 'सर्व साइजमध्ये' म्हणू नका. ए-4 म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर, ए-5 त्याच्या निम्मा. दोन्हींचं प्रमाण सारखंच, म्हणून ए-4 ची फाइल ए-5 वर सहज बसते, पण सगळंच 71 टक्क्यांवर येतं. लिहायच्या ओळींत 8 मिलिमीटर अंतर असेल तर ते साडेपाच-पावणेसहावर येतं आणि त्यात देवनागरी अक्षर, वरची वेलांटी आणि खालचा उकार धरून, कोंबावं लागतं. ए-5 साठी वेगळी मांडणी केली असेल तरच दोन आकार म्हणून सांगा. नसेल तर 'ए-4' एवढंच लिहा.

तारखा घातल्या आहेत की नाहीत, भाषा मराठी की इंग्रजी, रंगीत की काळी-पांढरी, हे एकेका शब्दात उरकतं.

खरी मेख फाइल पोहोचवण्यात आहे. या भागाची दोन-चार वाक्यं नीट लिहिली नाहीत तर बाकीची कॅप्शन कितीही चांगली असो, उपयोग नाही.

'इन्स्टंट डाउनलोड' हे शब्द परदेशी दुकानांच्या पानांवरून उचललेले असतात. तिथे पैसे भरले की वेबसाइट आपोआप फाइल देते. तुम्ही यूपीआयने पैसे घेऊन फाइल हाताने पाठवत असाल तर हे शब्द खोटे आहेत, वापरूच नका. रात्री साडेअकराला कुणी 149 रुपये भरतं, तुम्ही झोपलेले असता, आणि सकाळी पोस्टखाली 'पैसे घेऊन गायब' अशी कॉमेंट दिसते. त्यापेक्षा वेळ लिहा: 'सकाळी 9 ते रात्री 8 मध्ये पैसे आले तर 2 तासांत फाइल, त्यानंतर आले तर दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत.' आणि पाळता येईल तेवढंच लिहा. नवरात्रात घरात पाहुणे असतील तर तेवढ्या दिवसांपुरती ती ओळ बदला.

पैसे आल्याची खात्री आपल्या बँकेच्या नोंदीत करायची, स्क्रीनशॉटवर नाही. स्क्रीनशॉट कोणीही बनवतं. म्हणून कॅप्शनमध्ये यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक मागा. तो आपल्याकडच्या नोंदीशी लगेच जुळवता येतो.

फाइल कोणत्या वाटेने येणार, हे नाव घेऊन सांगा. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. पानांचे फोटो करून पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून लहान करतं. मोबाइलवर ठीक दिसतात, कागदावर बारीक रेघा आणि अक्षरं फाटतात. झिप फाइल देऊ नका. आपल्या उदाहरणात ए-4 आणि ए-5 अशा दोनच पीडीएफ आहेत, त्या तशाच द्या. झिप उघडायची कशी, हे पाच जणांना समजावण्यात संध्याकाळ जाते. वर्डची फाइलही नको, कारण दुकानातल्या संगणकावर तुमचा मराठी फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल लगेच उतरवून घेतली नाही तर काही काळाने ती उघडत नाही आणि पुन्हा मागवावी लागते. म्हणून जोडीला प्रत्येक फाइलची गुगल ड्राइव्हवरची लिंक द्यावी. पण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. ड्राइव्हवर चढवलेली फाइल आपोआप 'Restricted' असते. तुमच्या फोनवर ती उघडते, कारण खातं तुमचं आहे. गिऱ्हाइकाला मात्र 'Request access' दिसतं आणि तुमच्या ईमेलमध्ये न वाचलेल्या विनंत्या साचत जातात. शेअरमध्ये जाऊन 'Anyone with the link' निवडा आणि पुढे 'Viewer' ठेवा. 'Editor' चुकूनही नको, लिंक हातात असलेला कोणीही मग फाइलमध्ये हात घालू शकतो. पूर्ण फोल्डर शेअर करू नका, उद्या त्यात टाकलेला दुसरा प्लॅनरही त्याच लिंकवर फुकट दिसायला लागेल. सगळं झालं की ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत लिंक उघडून बघा. तिथे लॉगिन न मागता पान दिसलं, तरच लिंक बरोबर आहे.

ही लिंक कॅप्शनमध्ये टाकायची नाही, हे सांगायला नको. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक तशीही दाबता येत नाही.

छपाईची सूचना एका ओळीत द्या, आणि ती अशी लिहा की गिऱ्हाईक ती राजारामपुरीतल्या किंवा गडहिंग्लजच्या कुठल्याही दुकानात मोबाइल पुढे करून दाखवू शकेल: 'ए-4, 42 पानं, पाठपोट, Actual size, Flip on long edge.' 'Fit' निवडलं तर पान थोडं लहान होऊन कडा सरकतात आणि डावीकडे स्पायरलसाठी सोडलेली जागा बिघडते. 'Flip on short edge' झालं तर प्रत्येक मागचं पान उलटं येतं, आणि ते कळतं 21 कागद वाया गेल्यावर. आधी एकच कागद काढून बघायला सांगा. कागद 100 जीएसएमचा सुचवा. 70 च्या कागदावर जेल पेनाची शाई मागे दिसते आणि पाठपोट पानावर ते फार खटकतं.

परतीचं धोरण पैसे भरण्याआधी दिसलं पाहिजे. फाइल परत घेता येत नाही, म्हणून पैसे परत नाहीत, हे सरळ लिहा. पण दोनदा पैसे आले किंवा फाइल उघडली नाही तर तुम्ही काय करणार, तेही त्याच श्वासात सांगा. एकाने घेतलेला प्लॅनर अख्ख्या भिशीच्या ग्रुपवर फिरतो, तो थांबवायची ओळही इथेच. धमकीची भाषा नको, साधी विनंती पुरते.

सगळं जोडून कॅप्शन अशी होते:

'घरखर्च प्लॅनर. ही छापून घ्यायची पीडीएफ फाइल आहे, तयार वही नाही. कुरिअरने काही येत नाही.

काय मिळेल: मराठी, काळी-पांढरी, तारखा न घातलेली 42 पानं (9 प्रकारची), म्हणजे पाठपोट 21 कागद. महिन्याचा खर्च, दुधाचं रतीब, बिलं, भिशी, सणवार. दोन फाइली: ए-4 आणि ए-5. फोटोतली वही छापून, स्पायरल घालून दाखवली आहे. छपाई आणि बायंडिंगचा खर्च वेगळा.

किंमत 149 रुपये. यूपीआयने भरून 12 आकडी व्यवहार क्रमांक आणि तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मेसेजमध्ये पाठवा. सकाळी 9 ते रात्री 8 मध्ये पैसे आले तर 2 तासांत, नंतर आले तर दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत दोन्ही फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर येतील, सोबत दोन्हींच्या ड्राइव्हवरच्या लिंक. आल्या आल्या उतरवून ठेवा.

दुकानात सांगा: ए-4, 42 पानं, पाठपोट, Actual size, Flip on long edge. आधी एक कागद काढून बघा.

फाइल पाठवल्यावर पैसे परत होत नाहीत. दोनदा भरले गेले तर जादाचे परत मिळतील, फाइल उघडली नाही तर पुन्हा पाठवू. घरात हव्या तेवढ्या प्रती काढा, फाइल मात्र पुढे पाठवू नका.'

इन्स्टाग्रामची मर्यादा 2200 कॅरॅक्टरची आहे, त्यात हे आरामात बसतं. विक्री सुरू झाल्यावर एखाद्या पानावर चूक सापडली तर नवी फाइल वेगळी चढवू नका. ड्राइव्हमध्ये जुन्या फाइलवरच 'Manage versions' मधून दुरुस्त पीडीएफ टाका. लिंक तीच राहते, आणि आधी घेतलेल्यांना 'त्याच लिंकवरून पुन्हा उतरवा' एवढा निरोप पुरतो.